ऑपरेशनची तारीख आणि परीक्षा: अर्ज कुणाकडे, कशासाठी?

एप्रिल-मे आला की सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजांच्या परीक्षा विभागात एक अर्ज हमखास येतो: "माझे ऑपरेशन आहे, तरी माझा पेपर पुढे ढकलावा ही विनंती." असा अर्ज बहुतेक वेळा फेटाळलाच जातो, आणि माझ्या मते त्यात क्लार्कचा काही दोष नसतो. विद्यापीठाचा लेखी पेपर सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी असतो. एकट्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढायचा अधिकार प्राचार्यांनाही नाही. ज्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याच्याकडे मागायचं.

कॉलेजच्या हातात असते ती प्रॅक्टिकलची बॅच. समजा, सांगलीतल्या बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ८ एप्रिलला ठरलंय. प्रॅक्टिकल ६ ते ११ आणि त्याची बॅच ९ ला. लेखी पेपर १५ पासून. भूल देण्याआधीच्या तपासणीसाठी ७ ला दाखल व्हावं लागणार. म्हणजे त्याला फक्त ६ तारखेची बॅच हवी आहे. हे विभागप्रमुख करू शकतात, पण बॅचची यादी लागण्याआधी सांगितलं तर. बाहेरचे परीक्षक ठरलेल्या दिवसांपुरतेच येतात. ते गेले, गुण ऑनलाइन भरून लॉक झाले, की मग कितीही हातापाया पडा.

अर्जात एवढं पुरतं: "माझी रसायनशास्त्र प्रात्यक्षिक परीक्षा ९ एप्रिल रोजी आहे. ८ एप्रिल रोजी नियोजित शस्त्रक्रिया असून ७ रोजी दाखल व्हायचे आहे. तरी मला ६ एप्रिलच्या बॅचमध्ये घ्यावे." खाली पीआरएन, आसन क्रमांक, विषयाचा कोड. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का घेऊन ती जपून ठेवायची. सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, त्यांनी अंगठ्याची इमोजी पाठवली, ही पोच नव्हे.

लेखी पेपरबद्दल काही मागायचं असेल तर अर्ज वेगळा. दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या की तो कागद प्राचार्यांमार्फत विद्यापीठाकडे जातो, आणि कॉलेजात मिटणारं बॅचचं कामही त्याच्याबरोबर कोल्हापूरला जाऊन बसतं. कॉलेज स्वायत्त असेल तर निर्णय त्यांच्याच परीक्षा नियंत्रकांकडे असतो. तिथे फेरपरीक्षेचा नियम काय आहे ते आधी वाचून मग त्याच नावाने मागायचं.

आता डॉक्टरांची चिठ्ठी. "विश्रांतीचा सल्ला दिला आहे" एवढंच लिहिलेला कागद फाइलला लावायच्या लायकीचा नसतो. दाखल व्हायची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख, किती दिवस बसणं-प्रवास जमणार नाही, आणि मुख्य म्हणजे शस्त्रक्रिया पुढे नेली तर काय धोका आहे, हे त्यात हवं. शिवाय लेटरहेड, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का.

त्या धोक्याच्या मुद्द्यावरच सगळं अडतं. लोक आधी परीक्षा विभागात भांडतात आणि सर्जनला विचारतच नाहीत. खरं तर न अडकलेला, न दुखणारा हर्निया बऱ्याचदा काही आठवडे थांबू शकतो. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं, मावशीच्या जावेने नव्हे. डॉक्टर "पेपर झाल्यावर करू" म्हणाले तर पेपरसाठी अर्जाची गरजच उरत नाही. मात्र महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर पूर्वमंजुरी असते, म्हणून तारीख हलवण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

ऑपरेशन ८ लाच करावं लागलं, तर १५ च्या पेपरला तळमजल्यावरची खोली आणि दाराजवळचा बाक मागा. हे केंद्रावर होऊ शकतं. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या पेपरच्या सकाळी घ्यायच्या का, हेही डिस्चार्जच्या वेळीच विचारा.

दोन पेपर एकाच वेळी आले तर आधी कोड तपासा. फॉर्म भरताना बॅकलॉगला जुन्याऐवजी नव्या अभ्यासक्रमाचा कोड पडला असेल, तर ती टक्कर कागदावरचीच असते आणि कॉलेजकडून दुरुस्ती होऊ शकते. कोड बरोबर असूनही तारीख आणि वेळ दोन्ही जुळत असतील, तर तात्पुरतं वेळापत्रक लागताच कळवायचं, अंतिम लागल्यावर नाही. त्याच विषयांची आणखी मुलं असतील तर सगळ्यांचे आसन क्रमांक एकाच पत्रात, प्राचार्यांच्या सहीने. एकट्याच्या बॅकलॉगसाठी बहुधा "एक निवडा" असंच उत्तर येतं. सकाळी एक आणि दुपारी एक याला मात्र कुणी टक्कर मानत नाही, मग सकाळचं केंद्र सांगलीत आणि दुपारचं कोल्हापुरात का असेना.

बारावीवाल्यांसाठी वाट वेगळी आहे. आजारपणामुळे प्रॅक्टिकल किंवा तोंडी हुकली तर मंडळाची 'आउट ऑफ टर्न' परीक्षा असते. त्यासाठी कागदपत्रं कॉलेजमार्फतच द्यायची. थेट कोल्हापूरच्या विभागीय मंडळात गेलात तर तुम्हाला परत कॉलेजातच पाठवतील.