सवडीने द्या

बिलाच्या तळाशी मीच लिहिलं होतं, ‘रक्कम आपल्या सवडीने पाठवावी, ही विनंती.’ समोरच्यांनी ती विनंती इतकी मनावर घेतली की त्यांना सवड व्हायला १४३ दिवस लागले.

मी घरी बसून अहवालांची, पुस्तकांची मांडणी करून देतो. हे काम एका कंपनीच्या ६४ पानी वार्षिक अहवालाचं होतं. काम देणारे साहेब बोलायला गोड, निर्णयाला झटपट, शिवाय दाद देणारे. अशा माणसाकडे अॅडव्हान्स कसा मागायचा? सगळं फोनवर ठरलं, लेखी काहीच नाही. ४ मार्चला मी छपाईची फाइल पाठवली, सोबत मूळ फाइल्स पाठवल्या, वापरलेल्या चित्रांचा फोल्डरही पाठवला. थोडक्यात, माझ्याकडे अडवून धरण्यासारखं जे जे होतं ते सगळं पाठवलं आणि मग बिल पाठवलं. साहेबांचा लगेच निरोप आला, ‘अप्रतिम!’ मी तो दोनदा वाचला. बँकेत तो जमा करता येत नाही हे एप्रिलमध्ये लक्षात आलं.

६ एप्रिलला पहिली आठवण करायला बसलो. पहिला खर्डा सरळ होता: ‘४ मार्चच्या बिलाचे पैसे अजून मिळालेले नाहीत.’ हे वाचून माझाच जीव दडपला. वसुली एजंटची भाषा वाटली. ‘अजून’ काढलं. मग ‘मिळालेले नाहीत’च्या जागी ‘मिळाले असल्यास माझ्याच नजरेतून सुटले असावेत’ घातलं. नुसतं पैशांसाठी लिहिलंय असं दिसू नये म्हणून वर अहवाल कसा झाला ते विचारलं, छपाई कशी आली ते विचारलं, तब्येत सांभाळा म्हटलं. पाऊण तासाने मेल तयार झाला तेव्हा विषयाच्या जागी ‘सहज’ होतं आणि सर्वांत खाली, सहीच्या जरा वर, ‘जमल्यास बिलाचंही बघावं’ अशी एक ओळ अंग चोरून उभी होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी तर भांडं घरीच ठेवून गेलो होतो.

उत्तर तासाभरात आलं. अहवाल सगळ्यांना आवडला, छपाई सुरेख आली, तब्येत उत्तम आहे. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं, फक्त शेवटच्या ओळीचं सोडून.

मग एप्रिलअखेर ‘बघतो’ आलं. मे महिन्यात ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ आलं. कुठल्या महिन्याच्या पुढच्या आठवड्यात, हे विचारण्याची माझी हिंमत नव्हती. प्रत्येक मेल पाठवल्यावर मीच ओशाळून चार दिवस गप्प बसायचो, जणू पैसे मी बुडवलेत. जूनमध्ये साहेबांची दुसऱ्या विभागात बदली झाली आणि माझ्या मेलना उत्तर द्यायला ‘बघतो’सुद्धा उरलं नाही.

२९ जूनला धीर करून कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन लावला आणि म्हटलं, अकाउंट्सला द्या. पलीकडे एक मॅडम आल्या.

“बिल नंबर?”

“सतरा.”

“पीओ नंबर?”

“तो… कुठे असतो?”

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.

“सर, तुमचं बिल आमच्याकडे आलेलंच नाही. आणि तुम्ही व्हेंडर म्हणून सिस्टिममध्येही नाही.”

म्हणजे जवळजवळ चार महिने मी जिथे पैशांसाठी मान खाली घालून उभा होतो, तो दरवाजा पैशांचा नव्हताच. साहेबांनी बिल उघडलं असेल, ‘बरोबर आहे’ म्हटलं असेल आणि मनातल्या मनात मंजूर करून टाकलं असेल. काम देणारा एक असतो, पैसे सोडणारा दुसराच. पहिल्याने दुसऱ्याकडे कागद सरकवला नाही तर दुसऱ्याच्या लेखी आपण जन्मालाच आलेलो नसतो. या सगळ्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे मला जास्त लागलं. रागावायला कुणी तरी हवं होतं.

मॅडमनी दोन मिनिटांत जे सांगितलं ते मला पहिल्या दिवशी विचारता आलं असतं. आधी व्हेंडर नोंदणीचा फॉर्म आणि बँकेचा तपशील. मग ज्यांनी काम दिलं त्यांच्या विभागाकडून परचेस ऑर्डर, म्हणजेच तो पीओ, आणि त्याचा नंबर बिलावर. पेमेंट महिन्यातून दोनदाच, १० आणि २५ तारखेला, आणि दोन्ही याद्या सात दिवस आधी बंद. माझी नोंदणी, पीओ आणि नवं बिल हे सगळं ६ जुलैला जागेवर आलं. १० तारखेची यादी ३ जुलैलाच बंद झाली होती. पैसे २५ जुलैला आले, अगदी सकाळी, कुणीही ‘बघतो’ न म्हणता.

त्यानंतर मी एक पान लिहून काढलं. त्याला करार म्हणायला लाज वाटते, पण गिऱ्हाइकाने मेलवर ‘मान्य’ असं उत्तर दिल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. त्यातला मुख्य हिशेब ४०-४०-२० असा. चाळीस टक्के काम सुरू करण्याआधी, चाळीस टक्के पूर्ण मांडणी दाखवल्यावर, वीस टक्के छपाईची फाइल दिल्यानंतर पंधरा दिवसांत. मांडणी दाखवायची ती प्रत्येक पानावर ‘नमुना’ असा तिरका शिक्का मारून. छपाईची फाइल दुसरे चाळीस आल्यावर. सगळं बिनसलं तरी एका वेळी माझं साधारण चाळीस टक्क्यांहून जास्त अडकत नाही. आठवणी कितीही सुबक लिहिल्या तरी त्या फक्त गोंधळलेल्या आणि आळशी माणसांवर चालतात. ज्याने द्यायचेच नाहीत असं ठरवलंय त्याच्यावर फक्त अॅडव्हान्स चालतो.

पानावरचं एक कलम मात्र मला फार प्रिय आहे. नमुना पाठवल्यावर कामाच्या सात दिवसांत उत्तर आलं नाही तर तो टप्पा पूर्ण धरून बिल निघेल. हे नसलं की दुसरा हप्ता ‘साहेब अजून बघतायत’ या अवस्थेत लोंबकळतो. आपलं काम संपलेलं असतं, पण टप्पा संपत नाही. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, हेही त्याचसाठी, कारण न संपणाऱ्या कामाचं शेवटचं बिल करताच येत नाही. उशिरासाठी दरमहा दीड टक्का आकार लिहून ठेवलाय. तो मी आजवर घेतलेला नाही. तो ‘या वेळी माफ करतो’ म्हणण्यासाठी आहे. माफ करायला हातात काही तरी असावं लागतं.

मेलही बदलला. विषयात आता ‘सहज’ नसतो, बिलाचा नंबर आणि मुदतीची तारीख असते. पूर्वी मी बिलावर ‘तीस दिवसांत’ लिहायचो, पण तीस दिवस बिलाच्या तारखेपासून, की ते मिळाल्यापासून, की मंजूर झाल्यापासून, यावर दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं गणित करता येतं. तारखेवर ते करता येत नाही. मजकूर एवढाच:

‘नमस्कार. बिल क्र. २३ ची मुदत काल, १२ तारखेला संपली. बिल पुन्हा जोडलं आहे. ते २५ तारखेच्या यादीत आहे का, कळवाल का? एखादा कागद कमी असल्यास आज पाठवतो.’

‘क्षमस्व’ नाही, ‘जमल्यास’ नाही, तब्येतीची चौकशी नाही. बिल दर वेळी नव्याने जोडायचं, नाही तर ‘बिल परत पाठवा ना’ म्हणण्यात समोरच्याचा एक आठवडा निघतो. खरी मेख मात्र प्रश्नात आहे. ‘पैसे कधी मिळतील?’ला ‘बघतो’ हे उत्तर होऊ शकतं. ‘२५च्या यादीत आहे का?’ला ते शोभत नाही. तिथे कुणाला तरी उठून यादी बघावी लागते. एक मेल मुदतीच्या तीन दिवस आधी, एक मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, आठवड्याने फोन, तोही अकाउंट्सला, आणि पंधराव्या दिवशी ‘कलमाप्रमाणे पुढचं काम थांबवत आहे’ हे वाक्य. पहिले दोन मेल मी बिल करतानाच लिहून तारखेवर लावून ठेवतो, कारण त्या वेळी माझं मन निर्मळ असतं. मुदत उलटल्यावर लिहायला बसलो की एक तर गयावया होते, नाही तर भांडण.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा फोन आला. नवे साहेब, तसाच अहवाल. मी आरशासमोर तालीम करून घेतलेलं वाक्य उच्चारलं, “चाळीस टक्के अॅडव्हान्स आला की सुरू करतो.” आणि कान बंद करून घ्यावेत तसा फोन जरा लांब धरला. आता ओरडतील, आता अविश्वास काढतील, आता दुसऱ्याला काम देतील.

“हो हो. पीओ आजच काढतो. बिल पाठवा.”

बस्स? वर्षानुवर्षं मी ज्या वाक्याला घाबरत होतो त्याची किंमत एवढीच? मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

अॅडव्हान्स १० तारखेला आला. नमुन्यानंतरचे चाळीस २५ला आले. शेवटच्या वीस टक्क्यांची मुदत पुढच्या महिन्याच्या २८ला होती आणि मुदतीआधीचा मेल ठरल्याप्रमाणे २५ तारखेला दुपारी तीन वाजता आपोआप निघाला: बिल क्रमांक, तारीख, जोडलेलं बिल, यादीचा प्रश्न, सगळं जिथल्या तिथे. सकाळीच पैसे जमा झाल्याचा बँकेचा निरोप मी पाहिला नव्हता.

तीन वाजून चार मिनिटांनी मॅडमचं उत्तर आलं. त्यातही ‘क्षमस्व’ नव्हतं, ‘जमल्यास’ नव्हतं.

‘सर, पैसे सकाळी ११.१० ला दिले आहेत. पावती जोडली आहे. मेल करण्याआधी खातं बघत जाल का?’