बॉल घ्यायचाय? फोटो बघा की!

सीझन बॉल घ्यायला अजूनही धोबीतलावला जाणारे लोक आहेत म्हणे. बॉल हातात घेतात, सीमवर अंगठा फिरवतात, दुकानदाराचं डोकं खातात. तुम्ही असला वेळ घालवू नका. घरी लोळत ऑनलाइन फोटो बघा.

फोटोत आधी सोनेरी छाप शोधा. छाप ठसठशीत आणि त्यात ‘फोर पीस’ लिहिलेलं, म्हणजे बॉल फोर पीसच. खरं तर फोर पीसमध्ये बॉलची प्रत्येक अर्धी बाजू, म्हणजे वाटी, चामड्याच्या दोन तुकड्यांची असते. ते आतून शिवलेले असल्याने वरून फक्त केसाएवढी रेघ दिसते, आणि दोन वाट्यांवरच्या रेघा एकमेकींना काटकोनात येतात. टू पीसची वाटी अखंड, तिला रेघ नाही. पण विकणारा बॉल नेमका छापाच्या बाजूने आणि एवढ्या उजेडात ठेवतो, की चकाकीत रेघ असली तरी दिसू नये. कशाला शोधता? छापावर विश्वास ठेवा.

मग टाके. सहा ओळी मोजा, झालं. दोन वाट्या धरून ठेवतात त्या मधल्या दोन ओळी. बाहेरच्या चार शोभेलाही चालतात, पण फोटोत सहाही सारख्याच पांढऱ्या दिसतात! सीम किती उठलीय हे बोटालाच कळतं, आणि बोट स्क्रीनवर फिरवलं तर फोटो फक्त मोठा होतो.

मीही असाच बॉल घेतला. आझाद मैदानावर पंधराव्या ओव्हरला तो लिंबाकडून बटाट्याकडे झुकला. घरी दोरी गुंडाळून घेर मोजला: सीमवरून २२.६ सेंटीमीटर, आडवा २३.३. नियमात २२.४ ते २२.९ बसतो. वाटीवर रेघ शोधली, भिंग लावूनही सापडली नाही.

पोराचा फुटबॉलही फोटोवरूनच घेतला. बारा पंचकोन, वीस षटकोन, सगळं मोजलं. घरी आल्यावर नखाने पॅनलची कड उचकायला गेलो तर टाके कुठले, साच्यातल्या खाचा होत्या, त्यांत काळा रंग भरलेला. व्हॉल्व्हचा फोटो मात्र मन लावून काढलेला, जवळून, एकदम झकास. हवा भरून व्हॉल्व्हवर थुंकी लावली, बुडबुडे आले. ते फोटोत थोडेच येणार! बिचाऱ्या विकणाऱ्याची काय चूक?

सीझन बॉल परत करायला अर्ज भरला. कारण लिहिलं, ‘आकार बिघडला’. फोटो मागितला, छाप नीट दिसेल असा काढून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘सर, फोटोत बॉल गोल दिसतोय.’