नकाशातला रंग आणि घरातला सिग्नल

नाना नव्या घरी राहायला जाणार असल्यामुळे कोणते नेटवर्क घ्यावे, हा विषय काल कट्ट्यावर निघाला आणि तो लगेच वादाला पोहोचला. भाऊंचे म्हणणे सरळ होते: दोन कंपन्यांपैकी पहिलीच्या कव्हरेज नकाशावर तो सगळा परिसर गडद रंगात भरलेला आहे, दुसरीच्या नकाशावर तोच रंग फिका आहे, मग आणखी काय शोधायचे?

ताईंना हे मान्य नव्हते. त्यांनी सांगितले की असा नकाशा बहुतेक वेळा प्रत्येक जागी जाऊन मोजून काढलेला नसतो; टॉवरची उंची, अँटेनाची दिशा, फ्रिक्वेन्सी आणि जमिनीचा चढउतार यांवरून संगणकाने बांधलेला तो अंदाज असतो. तो अंदाजही बरेचदा घराबाहेर, उघड्यावर धरलेल्या फोनसाठी असतो आणि किती सिग्नल मिळाला म्हणजे रंग भरायचा, ही मर्यादा कंपनीच ठरवते. त्यामुळे दोन कंपन्यांचे रंग शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. भाऊ म्हणाले, "मग फोनवरच्या कांड्या बघाव्यात." पण त्या कांड्यांनाही सर्व फोनांसाठी एकच ठरलेले माप नाही, हे ताईंनी त्यांना पटवून दिले.

नाना मात्र तयारीने आले होते. त्यांनी अँड्रॉइड फोनवर NetMonster हे ॲप घेऊन दोन्ही कंपन्यांची सिमे, एक स्वतःचे आणि एक पुतण्याकडून मागून आणलेले, आळीपाळीने एकाच फोनमध्ये घालून पाहिली होती. लोकेशनची परवानगी दिली नाही तर ॲपला टॉवरची माहिती मिळत नाही, यात त्यांची पहिली दहा मिनिटे गेली होती. (आयफोनवर असे ॲप चालत नाही, तिथे *3001#12345#* डायल करून फील्ड टेस्टचा पडदा उघडावा लागतो.)

नानांच्या वहीतले आकडे RSRP चे, म्हणजे टॉवरकडून फोनपर्यंत पोहोचलेल्या ४जी सिग्नलच्या ताकदीचे होते. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला. साधारण उणे ९० पर्यंत निर्धास्त राहावे, उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटू लागण्याची शक्यता धरावी. गॅलरीत पहिल्या नेटवर्कचा आकडा उणे ८४ होता, दुसऱ्याचा उणे ९३. "मी काय म्हणत होतो!" असे भाऊ म्हणाले आणि गॅलरीपुरते ते बरोबरही होते. पण नाना बसून काम करणार त्या आतल्या खोलीत पहिल्याचा आकडा उणे ११२ वर घसरला, दुसऱ्याचा उणे १०६ वरच थांबला.

याचे कारण ॲपच्या त्याच पडद्यावर होते. पहिला २३०० मेगाहर्ट्झच्या बँडवर होता, दुसरा ९०० च्या. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी भिंतींतून जाताना होणारी सिग्नलची घट साधारणपणे जास्त. म्हणून गॅलरी ते खोली एवढ्या अंतरात एकाने २८ डेसिबल गमावले आणि दुसऱ्याने १३. खोलीतला ६ डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट धरली तर तिथे दुसरा सिग्नल जवळपास चौपट ठरतो. हा हिशोब ऐकून भाऊ पहिल्यांदा गप्प झाले.

मग माझी शंका मी मांडली. मोजमाप दुपारचे होते आणि गर्दीची वेळ संध्याकाळची. RSRP गर्दीने फारसा बदलत नाही, कारण तो मोजण्यासाठीचा संदर्भ सिग्नल टॉवर ठरलेल्या ताकदीनेच सोडतो. बदलतो तो SINR, म्हणजे आपला सिग्नल इतर टॉवरांच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा. नाना त्याच संध्याकाळी पुन्हा जाऊन आले. दुसऱ्या नेटवर्कचा RSRP होता तिथेच होता, पण SINR ११ वरून २ वर आला होता. कॉल नीट लागला, व्हिडिओ मात्र अडखळत होता. तरी पहिल्याचा SINR त्या खोलीत उणे ३ होता, हेही त्यांनी लिहून ठेवले होते.

ताईंनी मोजण्याच्या पद्धतीत एक दोष काढला. नानांनी प्रत्येक जागी एकच आकडा टिपला होता, आणि फोन हातात कसा धरला एवढ्यानेही तो चार-पाच डेसिबलने हलतो. फोन टेबलावर ठेवून, वायफाय बंद करून, दोन-तीन मिनिटांत दहा आकडे टिपावेत आणि त्यांतला मधला धरावा, असे त्यांनी सांगितले. सहा डेसिबलचा फरक अशा मोजणीतही टिकला, तरच तो खरा मानायचा. भाऊंनी स्वतःहून सोबत येण्याचे कबूल केले असून, सिम घेण्याआधी नाना येत्या रविवारी खोलीतल्या टेबलावर दोन्ही सिमांची मोजणी पुन्हा करणार आहेत, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास.