दोष मॅचचा नव्हता

आज ताईच्या घरी साताऱ्याला गेलो होतो आणि तिथे जे पाहिले त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यांच्याकडे वायरलेस ब्रॉडबँड आहे. महिन्याला १००० जीबीची मर्यादा, आणि ती संपली की वेग २ एमबीपीएसवर येतो. महिना संपायला आठवडाभर असताना मर्यादा संपल्याचा संदेश आला आणि दाजींनी भाच्याचा कीबोर्ड कपाटात ठेवून दिला. ‘मित्रांबरोबर ऑनलाइन मॅच खेळून सगळा डेटा संपवला,’ हे त्यांचे कारण. मुलगा उलट बोलला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

मुलाला बोल लावण्याआधी निदान आकडे तरी पाहावेत की नाही? विंडोज ११ मध्ये Settings > Network & internet > Advanced network settings > Data usage इथे गेल्यावर प्रत्येक अ‍ॅपने ३० दिवसांत किती डेटा घेतला ते दिसते. आम्ही ते उघडले. रोज संध्याकाळी खेळल्या जाणाऱ्या मॅचच्या नावावर जेमतेम १२ जीबी होते. क्लाउड गेमिंगच्या अ‍ॅपने मात्र साडेपाचशे जीबी ओलांडले होते, आणि गेम्सचे अपडेट आपोआप उतरवण्यात आणखी सुमारे १४० गेले होते.

याचे कारण समजायला अवघड नाही. ऑनलाइन मॅचमध्ये नकाशा, पात्रे, बंदुका, आवाज हे सगळे आधीच आपल्या संगणकावर असते. जाळ्यावरून फक्त कोण कुठे आहे, कोणी कोणती कळ दाबली, गोळी कोणाला लागली एवढीच माहिती जाते-येते. सेकंदाला ६० वेळा २०० बाइट पाठवले, तरी एका दिशेने तासाला ४३ एमबीच होतात. गेमप्रमाणे हा आकडा बदलतो, पण साधारण ५० ते ३०० एमबी ताशी असा अंदाज धरायला हरकत नाही.

क्लाउड गेमिंगमध्ये गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे येते ते त्याचे चित्र, सेकंदाला ६० फ्रेम्सच्या व्हिडिओच्या रूपात. चित्रपटाचा व्हिडिओ आधीच सवडीने दाबून लहान करून ठेवलेला असतो. इथे प्रत्येक फ्रेम काही मिलिसेकंदांत दाबून पाठवावी लागते, कारण उशीर झाला तर खेळताच येत नाही. त्यामुळे १०८०पी दर्जाला २५ एमबीपीएस लागले तर तासाला ११ जीबीच्या वर जातात. भाचा रोज दोन-अडीच तास असा एक मोठा कथानकाचा गेम खेळत होता. तीन आठवड्यांचा हिशेब आता तुम्हीच करा.

तोच गेम उतरवून घेतला असता तर १०० जीबी लागले असते, म्हणजे नऊ तासांच्या स्ट्रीमिंगएवढे. चाळीस तास चालणाऱ्या गेमसाठी कोणता मार्ग परवडतो हे सांगायला नको. हे खरे आहे की त्याच्या लॅपटॉपमध्ये तो गेम चालवण्याची ताकद नाही, आणि एखादा गेम तासभर पाहून सोडायचा असेल तर स्ट्रीमिंगच स्वस्त पडते.

पण मग क्लाउड गेमिंग विकणाऱ्यांनी ‘खेळा’ या बटणाशेजारी ताशी जीबीचा आकडा का लिहू नये? घरातल्या मोठ्यांना तो कळणार कसा? दाजींवरचा माझा राग इथे थोडा निवळतो. ‘ऑनलाइन गेम’ या एकाच नावाखाली त्यांच्यापुढे दोन गोष्टी येतात, ज्यांच्या वापरात पन्नासपट, काही वेळा दोनशेपट फरक आहे. त्यांना तो कोणी सांगितलाच नव्हता.

मी भाच्याबरोबर बसून स्ट्रीमिंगचा दर्जा ७२०पीवर आणला आणि बिटरेटची कमाल मर्यादा १० एमबीपीएस ठेवली. आता तासाला साडेचार जीबीच्या वर जाणार नाही. चित्र वेगवान दृश्यांत थोडे फिस्कटते, तेवढे सोसावे लागेल. स्टीम या गेम विकत घेऊन उतरवण्याच्या अ‍ॅपमधले गेम ‘उघडल्यावरच अपडेट कर’ असे लावून ठेवले, कारण कुठे एखाद्या गेमचे तीस-चाळीस जीबींचे अपडेट रात्रीतून येऊन पडते आणि तो गेम महिनोन्‌महिने कोणी उघडलेलाही नसतो. धाकट्या भाचीच्या संगणकावर तोच गेम असेल, तर स्टीम घरच्या नेटवर्कवरूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर नकलून देते. त्याला मर्यादेतला डेटा लागत नाही. ही सोय २०२३ पासून आहे आणि तरी ती फारशी कोणी वापरत नाही, याचे मला नवल वाटते.

आता उरलेल्या दिवसांबद्दल दाजींना मी एवढेच सांगितले की मॅचला १ एमबीपीएसही लागत नाही, म्हणून २ एमबीपीएसच्या उरलेल्या वेगावरही ती चालेल; फक्त त्या वेळी घरात दुसऱ्या कोणी व्हिडिओ लावू नये. स्ट्रीमिंग मात्र १ तारखेपर्यंत बंदच राहील.