एक दिवस उशीर, दोन महिन्यांचं व्याज

टीडीएस भरायला एक दिवस उशीर झाला तर किती व्याज लागतं? बहुतेक जण म्हणतात, एका महिन्याचं, दीड टक्का. तेवढंच भरतात, विवरणपत्र दाखल करतात आणि मग उरलेल्या व्याजाची मागणी येते.

एक उदाहरण घेऊ. ३१ जुलै २०२४ रोजी सल्लागाराच्या ४ लाखांच्या बिलावर १० टक्क्यांनी ४०,००० रुपये कापले. भरायची मुदत ७ ऑगस्ट. पैसे गेले ८ ऑगस्टला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २०१(१ए) प्रमाणे हे व्याज मुदत संपल्यापासून मोजत नाहीत, कर कापल्याच्या तारखेपासून मोजतात. दर महिन्याला दीड टक्का, सरळ व्याज, आणि अपुरा महिना पूर्ण धरायचा. म्हणजे ३१ जुलै या एका दिवसासाठी अख्खा जुलै, आणि आठ दिवसांसाठी अख्खा ऑगस्ट. झाले दोन महिने, ३ टक्के, १,२०० रुपये.

कर १ जुलैला कापला असता तरी १,२००च. ८ ऐवजी ३१ ऑगस्टला भरला असता तरी १,२००च. पण १ सप्टेंबर उजाडला की १,८००. याचा परिणाम फार वाईट होतो. सात तारीख एकदा हुकली की आठला धावपळ करण्यात काहीच राम उरत नाही, माणूस निवांत महिनाअखेरची वाट पाहतो. लवकर भरणाऱ्याला एका रुपयाचाही फायदा न देणारं व्याज वसुलीच्या तरी काय कामाचं?

कापलेला कर हा दुसऱ्याचा पैसा आहे, तो वापरणाऱ्याला झळ बसलीच पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. दर १८ टक्के ठेवा, हवा तर वाढवा. पण दिवसांवर मोजा. जीएसटीत तसंच होतं: ४०,००० रुपये एक दिवस उशिरा भरले तर वर्षाला १८ टक्क्यांनी साधारण २० रुपये. हाताने आकडेमोड करायच्या काळात महिना सोयीचा होता, हे समजू शकतं. आज चलनावर तारीख असते आणि हिशेब संगणकच करतो.

‘महिना’ म्हणजे नेमकं काय, हाही वाद आहेच. ३१ जुलै ते ३० ऑगस्ट हा एकच महिना धरावा, असं प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या काही निकालांत म्हटलं आहे. पण विभागाची प्रणाली कॅलेंडरचे महिने मोजते, आणि ६०० रुपयांसाठी अपिलात कोण जाणार? लहान व्यावसायिक मुकाट्याने भरतो.

हे बदलेपर्यंत व्याजाचं चलन करताना कर कापल्याचा महिना आणि भरल्याचा महिना, दोन्ही धरा. मागणी आलीच, तर प्राप्तिकर विभागाच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून जस्टिफिकेशन रिपोर्ट उतरवून घ्या. कोणत्या नोंदीवर किती महिने धरलेत, ते त्यात दिसतं.