साबुदाण्याला सरासरी कळत नाही

"बारा महिन्यांची आयटमवार विक्री शीटमध्ये टाका, AVERAGE लावा, पुढच्या महिन्याची मागणी हातात. कुठल्याही मालाला चालतं आणि आकडा अचूक येतो."

काकांच्या किराणा दुकानाची शीट मी सांभाळतो. हा मेसेज काकांकडेही आला होता आणि जुलै 2025 ची ऑर्डर आम्ही त्याच्याच भरवशावर काढली. त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी 'अचूक' या शब्दाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. हाताशी बारा महिने आहेत आणि बाराच्या बाराही सरासरीत घातले, तर ती सरासरी बरोबर येते की नाही हे तपासायला एकही महिना उरत नाही. तिला अचूक म्हणायला आधार कसला? त्याऐवजी दर वेळी मागचे तीनच महिने घेतले, तर त्याच बारा महिन्यांत नऊ वेळा परीक्षा घेता येते. A मध्ये महिना, B मध्ये विक्री, पहिल्या ओळीत शीर्षकं. पाचव्या ओळीत, म्हणजे चौथ्या महिन्यासमोर, हे लिहायचं आणि तेराव्या ओळीपर्यंत खाली ओढायचं:

```
C5: =AVERAGE(B2:B4)
D5: =ABS(B5-C5)
E5: =ABS(B5-B4)
```

C हा अंदाज, D ही त्याची चूक. E मध्ये मुद्दाम आळशी माणसाचा अंदाज ठेवलाय: गेल्या महिन्यात जितकं गेलं तितकंच पुढच्या महिन्यात जाईल असं धरलं, तर किती चुकलं असतं? D आणि E या दोन्ही रकान्यांची सरासरी काढून शेजारी ठेवायची.

आमचा साबुदाणा, एक किलोची पाकिटं, जुलै 2024 ते जून 2025: 78, 112, 54, 94, 40, 38, 42, 70, 36, 40, 38, 54. तीन महिन्यांच्या सरासरीची चूक महिन्याला सुमारे 20 पाकिटं निघाली. आळशी माणसाचीही सुमारे 20. महिन्याला सरासरी 58 पाकिटं विकणाऱ्या मालात 20 ची चूक, म्हणजे तिसरा हिस्सा! सूत्र लावून मिळवलं काय, तर काहीच नाही.

मिठाचं उलट. महिन्याला 140 च्या आसपास पाकिटं जातात, सरासरी पाच-सहा पाकिटांनी चुकते आणि आळशी अंदाज त्याहून जास्त चुकतो. तिथे सरासरी खुशाल वापरावी, मी वापरतो. कुठल्या मालाला ती चालते हे असं आयटमगणिक तपासावं लागतं आणि दुकानातल्या चारशे आयटमना एकच सूत्र ओढण्यात नेमकं तेच राहून जातं.

साबुदाण्याचं का बिघडतं, हे त्या बारा आकड्यांत दिसतं. साबुदाणा उपासावर चालतो, उपास तिथीवर आणि शीट इंग्रजी महिन्यांवर. 2024 मध्ये आषाढी एकादशी 17 जुलैला होती, श्रावण 5 ऑगस्टला लागला, घटस्थापना 3 ऑक्टोबरला. फेब्रुवारीतले 70 हे 26 तारखेच्या महाशिवरात्रीचे. पुढच्या वर्षी आषाढी 6 जुलैला आली आणि श्रावण 25 जुलैलाच लागला. म्हणजे जुलै 2025 मध्ये आषाढीही होती आणि श्रावणाचा पहिला आठवडाही. बारा महिन्यांची सरासरी म्हणत होती 58, तीन महिन्यांची म्हणत होती 44. आम्ही 58 मागवली. 5 जुलैला, म्हणजे एकादशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, रॅक रिकामा. नवा माल 9 तारखेला आला.

आता विक्री आणि मागणी यांतला फरक बघा. जुलैच्या खात्यात शेवटी 91 पाकिटं लागली. पण 5 च्या संध्याकाळी हात हलवत परत गेलेली गिऱ्हाइकं त्या 91 मध्ये नाहीत. शीटला फक्त बिल झालेलं कळतं. म्हणून मी आता प्रत्येक आयटमला 'माल नव्हता ते दिवस' असा एक रकाना ठेवतो. तूरडाळ 30 पैकी 18 दिवसच होती आणि 54 किलो गेली, तर दिवसाला 3 किलो, म्हणजे मागणी 90 धरायची. मात्र ही त्रैराशिकाची युक्ती रोज सारख्या खपणाऱ्या मालालाच लागू पडते. साबुदाणा ज्या दिवशी नव्हता तो वर्षातल्या मोठ्या विक्रीच्या दिवसांपैकी एक होता. तिथे दिवसांनी भागाकार केला तरी आकडा कमीच येणार. मी तिथे अंदाजाने 15 वाढवले आणि शेजारी 'अंदाजाने' असं लिहूनही ठेवलं.

जाता जाता एक सापळा. पिव्होटमधून, म्हणजे बिलांची महिनावार बेरीज करून देणाऱ्या तक्त्यातून, विक्री काढली की ज्या महिन्यात आयटम विकला गेला नाही, तिथे कोरा सेल येतो. AVERAGE कोरा सेल मोजतच नाही, शून्य मात्र मोजते. आमचा डिंक नोव्हेंबर ते फेब्रुवारी 8, 12, 10 आणि 6 पाकिटं गेला, बाकी आठ महिने कोरे. शीटने सरासरी दिली 9. कोऱ्या जागी 0 भरले तर 3 येते. पण जुलैसाठी हे तीनही फुकट, पावसाळ्यात डिंकाचे लाडू कोण वळतं?

मेसेजखाली कुणीतरी उपाय सुचवला होता: गेल्या वर्षीचा तोच महिना बघा. डिंकाला हे चालेल. साबुदाण्याला तेही फसवं आहे. सप्टेंबर 2024 मध्ये 54 गेली, कारण नवरात्र ऑक्टोबरात होतं. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला आली. शिवाय बारा महिन्यांत प्रत्येक महिना एकदाच दिसतो. त्यातलं सणाचं किती आणि योगायोगाचं किती, हे एका वर्षावरून वेगळं काढता येत नाही.

मग सप्टेंबरची ऑर्डर अशी काढली. ज्या महिन्यांत मोठा उपास नव्हता ते सहा महिने घेतले: नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, मार्च, एप्रिल, मे. त्यांची सरासरी 39. हा पाया, आणि सरासरीचं काम इथपर्यंतच. आदल्या वर्षी पायाच्या वर सप्टेंबरात 15 आणि ऑक्टोबरात 55 गेली होती. सप्टेंबरची 15 बहुतेक शेवटच्या दिवसांत, घटस्थापनेच्या तयारीला. म्हणजे नवरात्राची मिळून 70. आता कालनिर्णय उघडून बसलो. नवरात्र 22 सप्टेंबरला सुरू आणि दसरा 2 ऑक्टोबरला, त्यामुळे त्या 70 पैकी 60 तरी सप्टेंबरातच जाणार असं धरलं. 39 अधिक 60, म्हणून 100 मागवली. 89 गेली, 11 उरली. अंदाज जरा वरच लागला, पण रॅक रिकामा झाला नाही.

ऑक्टोबरसाठी मागच्या तीन महिन्यांची, म्हणजे 91, 110 आणि 89 ची, सरासरी 97 सांगत होती. आमच्या हिशोबाने पाया 39 आणि उरलेले 10, म्हणजे साधारण 50. काका म्हणाले, "11 पडलीत की, वर 40 आण." ऑक्टोबरात 46 गेली.