शेजाऱ्यांना ‘नेट कसं आहे?’ एवढंच विचारू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाड्याचा फ्लॅट ठरवण्याआधी तिथलं नेट कसं आहे हे शेजाऱ्यांना आणि कंपनीला विचारून घ्या, अशा माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: “लेख वाचायला ठीक, पण व्यवहारात उपयोग शून्य. पुण्यात फ्लॅट बघायला गेलं की एजंट तासाभरात टोकन मागतो. अशा वेळी शेजाऱ्यांच्या बेल कोण वाजवत बसणार? कंपनीवाले तर सगळेच ‘सर, एकदम फास्ट’ म्हणतात. त्यापेक्षा तिथे उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करावी आणि मोठ्या कंपनीचं कनेक्शन घेऊन मोकळं व्हावं.”

नमस्कार. एजंटच्या घाईचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. तेवढ्या वेळात बसतील असेच प्रश्न इथे देतो. मात्र मोबाइलवरच्या स्पीड टेस्टवर घर ठरवू नका. ती टेस्ट टॉवरचं नेट मोजते, भिंतीतून येणाऱ्या लाइनबद्दल काहीच सांगत नाही. कंपनीच्या नावावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण एकाच कंपनीची जोडणी एका सोसायटीत एका प्रकारची आणि शेजारच्या सोसायटीत दुसऱ्या प्रकारची असू शकते.

वेळ अगदीच कमी असेल तर एकच गोष्ट शोधून काढा: फायबर घरापर्यंत येते, की इमारतीपर्यंतच येऊन थांबते? ‘फायबर आहे’ हे दोन्ही ठिकाणी खरंच असतं, म्हणून कंपनीवाल्याचं उत्तर खोटं नसूनही अपुरं पडतं. पहिल्या प्रकारात बारीक फायबर थेट तुमच्या खोलीतल्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये जाते. दुसऱ्या प्रकारात फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंत येते, तिथे नेट घराघरांत वाटणारं स्विच नावाचं यंत्र असतं आणि तिथून प्रत्येक घरात लॅन केबल उतरते.

फरक पडतो तो वीज गेल्यावर. पहिल्या प्रकारात इमारतीत फायबर वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. त्यामुळे घरातल्या ओएनटी-राउटरला छोटा यूपीएस लावला, तर बाहेर कंपनीच्या यंत्रणेची बॅटरी टिकेल तोवर नेट चालू राहतं. स्विचला मात्र वीज लागते आणि ती बहुधा जिन्याच्या मीटरवरून घेतलेली असते. जिन्याची वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असून काही उपयोग नाही. नव्या टॉवरमध्ये जनरेटर असतो, पण तो सुरू होईपर्यंत वीज काही सेकंद जाते. पेटीत बॅटरी नसेल तर तेवढ्यात स्विच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि चालू असलेला कॉल तुटतो.

म्हणून शेजाऱ्यांना “नेट कसं आहे?” असं मोघम विचारू नका. त्याचं उत्तर “बरं आहे” असंच येतं, कारण बहुतेक घरांत नेटवर व्हिडिओ बघतात. व्हिडिओ पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे लाइन काही सेकंद गेली तरी कोणाला कळत नाही. ऑफिसच्या कॉलला ती सोय नसते. पुण्यात विचारण्याजोगा प्रश्न असा: “गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी लाइट घालवतं, तेव्हा तुमचं नेट जातं का?” ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनाच हे विचारा, नाहीतर उत्तराला अर्थ नाही.

आमच्या भाच्यासाठी कर्वेनगरमध्ये घर बघत होतो. लिफ्ट नसलेली जुनी इमारत. कंपनीच्या माणसाने फोनवर ‘हंड्रेड परसेंट फायबर’ सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना गुरुवारचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “आमचे दिवे-पंखे चालू असतात हो, पण नेट जातं.” त्यांच्या राउटरकडे पाहिलं तर भिंतीतून आलेली जाड लॅन केबल थेट त्यात खोचलेली. बारीक वायर आणि तिच्या टोकाला हिरवं किंवा निळं चौकोनी डोकं असतं, तर ते फायबर. त्यांचा प्लॅन 200 एमबीपीएसचा, पण वेग कायम 94 च्या आसपास अडकलेला. हा आकडा लक्षात ठेवा. जोडणीत कुठेतरी 100 चा पोर्ट असला, किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या, की वेग तिथेच थांबतो. मग 300 चा प्लॅन घेतला तरी तो पुढे सरकत नाही.

तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीची फायबर थेट घरात आली होती. वीज गेली तरी नेट टिकत होतं, मात्र पावसाळ्यात ओएनटीवर लाल दिवा लागायचा, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता. केबल गच्च्यांवरून लोंबत आली होती, झाडाची फांदी पडली की तुटायची. “दुरुस्तीला किती वेळ लागतो?” या प्रश्नाला उत्तर आलं, “सकाळी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत येतात.” दर गुरुवारी हमखास जाणाऱ्या नेटपेक्षा हे परवडणारं होतं, म्हणून भाच्याने हीच लाइन निवडली.

तुम्ही विचाराल, रात्रीच्या गर्दीचं काय? एका फायबरवर अनेक घरं असतात आणि नऊ-साडेनऊला सगळे एकदम बसतात, त्यामुळे दुपारी बाराचा आकडा कामाचा नाही. रात्री पुन्हा जाणं जमलं आणि शेजारी वाय-फाय द्यायला तयार असले, तर विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं चालवा:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा (काही राउटरचा वेगळा असतो), दुसरा बाहेरचा. पहिल्यातच उत्तराच्या वेळेचे आकडे उड्या मारत असतील तर दोष त्यांच्या वाय-फायचा आहे, लाइनला नावं ठेवू नका. पहिला स्थिर आणि दुसऱ्यात पॅकेट हरवत असतील, किंवा वेळ 15 वरून 150 मिलिसेकंदांवर जाऊन येत असेल, तर गर्दीत लाइन दमते आहे. व्हिडिओ कॉलला थोडेच एमबीपीएस पुरतात, तो अडखळतो तो अशा चढउतारांमुळे.

बेल वाजवायचा संकोच वाटत असेल तर वॉचमनला विचारा, “जिन्यात कुठल्या कंपनीची माणसं सारखी येतात?” त्याला हे पक्कं ठाऊक असतं. ज्यांची कनेक्शनं जास्त त्यांच्या फेऱ्याही जास्त, हे मात्र धरून चला.

कंपनीला फोन करायचा तो कॉल सेंटरला नाही. तिथे पिनकोड बघून ‘उपलब्ध’ सांगतात, फ्लॅट बघून नाही. वॉचमनकडून किंवा शेजाऱ्यांकडून त्या भागाच्या लाइनमनचा नंबर घ्या आणि विचारा: फायबर घरात देणार की पेटीतून केबल? पेटीला वीज कुठून येते, तिथे बॅटरी आहे का? याच विंगमध्ये सध्या तुमचं कनेक्शन कोणत्या मजल्यावर आहे? मजला सांगितला की वर जाऊन पडताळता येतं, म्हणून इथे ‘एकदम फास्ट’ म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

टोकन देण्याआधी घरमालकाकडून भिंतीला भोक पाडायची परवानगी मेसेजवर लिहून घ्या आणि सोसायटी एकाच कंपनीला आत येऊ देते का ते सेक्रेटरींना विचारा. शेजाऱ्यांकडची लाइन कितीही चांगली असली, तरी या दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की ती तुमच्या घरात येत नाही. पहिला प्लॅन महिन्याचाच घ्या. भाडेकरार सहसा 11 महिन्यांचा असतो, आणि वर्षाचे पैसे भरून घर बदललं तर नव्या पत्त्यावर ती कंपनी असेलच असं नाही.